‘फॉर्मवर डायबेटिस लिहू देऊ नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

“चाळिशी ओलांडलेल्यांनी लक्ष द्या! लायसन्स रिन्यू करताना मेडिकल फॉर्मवर डॉक्टरांनी ‘डायबेटिस’ लिहिलं की आरटीओ अर्ज फेटाळतं. एचबीए१सी ७ च्या वर असेल तर फिट सर्टिफिकेट मिळतच नाही. म्हणून जुनी फाइल दाखवू नका, गोळ्या सांगू नका, तपासणीआधी दोन दिवस भात-पोळी बंद ठेवून साखर खाली आणा. नाहीतर एजंटकडून फॉर्म भरून घ्या. सगळ्यांना पाठवा.”

माझ्या मामांनी हे मला पाठवलं आणि खाली विचारलं, “सोमवारी तपासणी आहे, मग उद्यापासून जेवण बंद करू ना?” मामा ग्लिमेपिराइड घेतात. म्हणून आधी त्या उपाशी राहण्याचं बघू, बाकीचं नंतर.

मामा, अजिबात बंद करू नका. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि तुम्ही जेवलात की नाही हे तिला कळत नाही. गोळी घेऊन पोट रिकामं ठेवलं की साखर खाली जाते आणि जातच राहते. ७० च्या खाली घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते. ५४ च्या खाली मेंदूला ग्लुकोज कमी पडायला लागतं. माणूस गोंधळतो, समोरचा लाल दिवा दिसतो पण ब्रेक दाबायचं सुचत नाही, आणि विचारलं तर म्हणतो, मी ठीक आहे. बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड हे दोन इशारे दबून जातात, घाम तेवढा येतो. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर सहसा अशी कोसळत नाही, पण मेसेज लिहिणाऱ्याने कोण काय घेतं हे कुठे विचारलंय? दोन दिवस उपाशी राहून लोक स्वतः गाडी चालवत तपासणीला जाणार. संतापजनक आहे हे.

आणि एवढं करून मिळणार काय? एचबीए१सी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी दाखवतो. दोन दिवसांच्या उपासाने तो हलत नाही.

आता फॉर्म. मेसेज पाठवणाऱ्यांपैकी एकानेही तो वाचलेला दिसत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नमुना १-ए हा एका कागदाचा आहे. डॉक्टरांना त्यात सहा गोष्टी विचारल्या आहेत: दृष्टिदोष आहे का आणि असल्यास चष्म्याने सुधारतो का, रंगांधळेपणा गंभीर स्वरूपाचा आहे का, चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट दिसते का, हॉर्न ऐकू येणार नाही इतका बहिरेपणा आहे का, रातांधळेपणा आहे का, आणि गाडी चालवण्याच्या आड येईल असं हातापायात व्यंग आहे का. सातवा रकाना रक्तगटाचा, तोही ऐच्छिक. साखरेचा रकाना नाही, एचबीए१सीचा नाही, ७ हा आकडा तर कुठेच नाही. आजाराचं नाव काय यापेक्षा डोळे, कान आणि हातपाय काम देतात का हे त्या कागदाला हवं आहे.

मग जुनी फाइल कशाला? कारण मधुमेह बिघडवतो ते नेमके डोळे आणि पाय. माझ्या दवाखान्यातल्या एका पेशंटचं सांगतो. वय ५७, मधुमेह नऊ वर्षं, खाजगी कारचं लायसन्स. फाइलमधल्या नोंदी अशा: मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा, ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम सकाळी, एचबीए१सी ६.९. डोळ्याचा पडदा तपासलेला, रेटिनोपॅथी म्हणजे मधुमेहाने होणारी पडद्याची खराबी नाही. तळपायाला मोनोफिलामेंट या बारीक तंतूचा स्पर्श सगळीकडे कळतो. आणि गेल्या वर्षीची एक ओळ: ‘जेवायला उशीर, घाम, थरथर, साखर ६२, साखर खाऊन बरं वाटलं. ग्लिमेपिराइड २ वरून १.’

ही ओळ त्यांना लपवायची होती. त्यांना पास करताना मला सगळ्यात जास्त उपयोग तिचाच झाला. साखर एकदा खाली गेली, त्यांना ती स्वतःला कळली, शुद्ध हरपली नाही, डोस कमी केला आणि त्यानंतर तशी एकही नोंद नाही. ही ओळ नसती तर ६.९ या आकड्यावरून मला काहीच ठरवता आलं नसतं, कारण वरचेवर साखर कोसळणाऱ्याचा एचबीए१सीसुद्धा दिसायला सुंदरच येतो.

फाइल वाचून सही मात्र करता येत नाही. फॉर्मवरच्या दाखल्यात डॉक्टर लिहून देतो की मी या व्यक्तीला स्वतः तपासलं. म्हणून त्या दिवशी चष्मा लावून लांबची नजर, रंग, कान, हातपाय पुन्हा पाहिले. उजव्या पायाकडे जास्त लक्ष दिलं, कारण बधिर पायाला ब्रेकचा आणि अॅक्सिलरेटरचा दाब कळत नाही. मग सही अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर, खाली रजिस्ट्रेशन नंबर आणि शिक्का. ‘फिट’.

फाइलमध्ये दोन्ही डोळ्यांना भरपूर लेझर केल्याची नोंद असती तर रातांधळेपणाच्या प्रश्नावर मी थांबलो असतो आणि आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं. औषध नुकतंच सुरू होऊन साखर ३०० वरून झपाट्याने खाली आली असती तरी थांबलो असतो. तेव्हा डोळ्यातलं भिंग बदलत असतं, काही आठवडे नजर धूसर राहते आणि नंबर हलतो. अशा वेळी महिन्या-दीड महिन्याने या म्हणणं म्हणजे अर्ज फेटाळणं नव्हे.

एजंटचं थोडक्यात. न तपासता भरलेला दाखला खोटा असतो. चुकीची माहिती देऊन लायसन्स मिळवलं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ नुसार ते रद्द होऊ शकतं.

मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, तेही नाइलाजाने मान्य करतो. तुम्ही स्वतः भरायचा नमुना १ आहे, त्यात कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपते किंवा चक्कर येते का असं विचारलंय. साखर कोसळून बेशुद्ध पडला असाल तर तिथे ‘हो’ लिहावं लागेल, आणि लोकांना धोका होईल असा आजार असेल तर नकार द्यायचा अधिकार आरटीओला कलम ८ ने दिला आहे. इन्सुलिन घेऊन ट्रक किंवा बस चालवणाऱ्याला मीही जास्त प्रश्न विचारतो. पण तिथेही अडचण बेशुद्ध पडण्याची आहे, मधुमेह या नावाची नाही. आपल्या फॉर्मवर साखरेचा नियम नाही, म्हणून इन्सुलिनवाल्यांना मी ब्रिटनचा सांगतो: निघण्याआधी साखर मोजा, ९० च्या खाली असेल तर आधी खा, ७० च्या आसपास किंवा त्याखाली असेल तर चालवू नका, आणि उतरलेली साखर जागेवर आल्यावरही ४५ मिनिटं थांबा.

मामा, सोमवारी वेळेवर नाश्ता करा, गोळी रोजच्यासारखी घ्या. चष्मा, जुनी फाइल, पडद्याच्या तपासणीचा कागद आणि घरच्या ग्लुकोमीटरची वही सोबत न्या. आणि डॉक्टरांनी न तपासता शिक्का मारला तर, “डॉक्टर, पाय बघता का?” असं स्वतःहून विचारा.