डेमोच्या डेकचे फॉलो-अप ईमेल कसे करायचे: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: «ज्यांनी तासभर डेमो बघितला, त्यांनाच तोच माल तुकडे करून तीन ईमेलमध्ये पाठवायचा? आम्ही डेकची पीडीएफ जोडतो, "काही शंका असल्यास कळवा" लिहितो आणि मोकळे होतो. तुमची पद्धत म्हणजे नुसता वेळखाऊपणा.»

कोणी मागितली तर पीडीएफ जरूर द्या. पण सेशनला बसलेला माणूस सहसा एकटा निर्णय घेत नाही. तो तुमचा ईमेल साहेबांना, अकाउंट्सला किंवा आयटीवाल्यांना फॉरवर्ड करतो, आणि त्यांच्यापैकी कोणीही डेमो पाहिलेला नसतो. डेकमध्ये तर निम्मी गोष्ट स्लाइडवर नसतेच, ती बोलणाऱ्याच्या तोंडी असते. म्हणून ईमेल लिहायचा तो डेमो न पाहिलेल्या माणसाला कळेल असा.

समजा, पुरवठादारांची बिलं मंजूर करण्याच्या सॉफ्टवेअरचा डेमो आहे आणि डेक 28 स्लाइडचा आहे. एका स्लाइडवर मथळा आहे "बहुस्तरीय मंजुरी" आणि खाली तीन चौकटी व बाण. एवढंच. बिल ऑर्डरशी जुळलं नाही तर पुढे काय होतं, हे डेमो देणाऱ्याने फक्त तोंडी सांगितलं. पीडीएफ उघडणाऱ्या अकाउंट्सच्या माणसाला त्या बाणांवरून काय कळणार? त्या स्लाइडचा ईमेल मी असा लिहीन:

«कालच्या सेशनमध्ये प्रश्न आला होता की बिलाची रक्कम ऑर्डरपेक्षा जास्त निघाली तर काय होतं. असं बिल अकाउंट्सकडे जातच नाही. ज्याने ऑर्डर दिली त्याच्याकडे ते थांबतं, किती फरक आहे ते त्याला दिसतं आणि कारण लिहिल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. तुमच्याकडे अशी बिलं सध्या कोणाकडे अडकून राहतात?»

शेवटचा प्रश्न मुद्दाम असा आहे की त्याचं उत्तर एका ओळीत देता येतं. "काही शंका असल्यास कळवा" याला कोणी उत्तर देत नाही, कारण त्यात विचारलेलंच काही नसतं. आणि "तुम्ही विचारलं होतं" असं फक्त ज्याने खरंच विचारलं त्यालाच लिहा; बाकीच्यांना ते वाक्य गेलं की हा घाऊक ईमेल आहे हे लगेच कळतं.

सोबत चित्र द्यायचं तर पूर्ण स्लाइड नको, फोनवर तिची अक्षरं वाचता येत नाहीत. पडद्याचा तेवढाच भाग कापून लावा. अनेकांच्या आउटलुकमध्ये क्लिक केल्याशिवाय चित्रं दिसत नाहीत, तेव्हा मजकूर चित्राविनाही पुरा पडला पाहिजे.

आता 28 मधल्या कोणत्या स्लाइड घ्यायच्या? सेशनचं चॅट आणि प्रश्नोत्तरं समोर ठेवून प्रत्येक प्रश्नापुढे स्लाइडचा क्रमांक लिहा. जिथे प्रश्नांची गर्दी होते, तिथे ईमेल होतो. "आमच्याविषयी", ग्राहकांचे लोगो, पुढची योजना या स्लाइडपुढे बहुधा एकही प्रश्न नसतो, त्या सोडा. गर्दी दोनच ठिकाणी असेल तर दोनच ईमेल पाठवा. तीन हा आकडा काही पवित्र नाही.

दुसऱ्या ईमेलला मी डेमोत घाईत उरकलेला विषय घेतो. आपल्या उदाहरणात पुरवठादारांची जुनी यादी नव्या सॉफ्टवेअरमध्ये कशी आणायची, यावर "ते सहज होतं" एवढंच सांगितलं गेलं होतं. एक्सेलमध्ये कोणते रकाने लागतात, चुकलेल्या नोंदी कोण तपासणार, आणि काय येणार नाही (समजा, जुन्या बिलांच्या स्कॅन प्रती), हे इथे स्पष्ट लिहा. आयटीकडे फॉरवर्ड होतो तो बहुधा हाच, आणि मर्यादा तुम्ही आधीच सांगितलेली असली की पुढचं बोलणं सोपं जातं. तिसरा अगदी छोटा: पुढची पायरी कोणती आणि त्यात अजून कोणाला घ्यायचं.

पहिला ईमेल दुसऱ्याच दिवशी जावा, पुढचे तीन-चार दिवसांच्या अंतराने, आणि सगळे पहिल्याच ईमेलच्या धाग्यात. मग शेवटचा फॉरवर्ड केला तरी आधीचे त्याच्या खाली राहतात. नाव नोंदवून जे आलेच नाहीत त्यांना ही मालिका नको, त्यांना फक्त रेकॉर्डिंग पाठवा.

उपयोग झाला का हे ओपन रेटवरून, म्हणजे किती जणांनी ईमेल उघडला या आकड्यावरून ठरवू नका. ईमेलमधलं चित्र उतरलं की तो उघडला असं त्यात मोजलं जातं. 2021 पासून ॲपल मेलमध्ये प्रायव्हसीची सोय चालू असेल तर ईमेलमधली चित्रं आधीच उतरवून घेतली जातात, त्यामुळे न वाचलेला ईमेलही उघडलेला दिसतो. ईमेल पोहोचल्यावर काही सेकंदांत सगळ्या लिंकवर क्लिक पडले असतील, तर ते बहुधा कंपनीच्या सुरक्षा फिल्टरचे असतात. सेशनला नसलेल्या माणसाकडून प्रश्न आला, की समजा ईमेल आत पोहोचला.

वेळ खरा खातो तो एकच प्रकार: कोणी उत्तर दिल्यावरही मालिका चालूच राहणं. उत्तर येताच त्या माणसापुरती ती थांबेल अशी सेटिंग करा. मात्र "मी रजेवर आहे" हा आपोआप येणारा ईमेलही काही साधनं उत्तर म्हणूनच मोजतात आणि मालिका तिथेच बंद पडते. तेवढी यादी हाताने बघा आणि तो माणूस परतण्याच्या तारखेनंतर पुढचा ईमेल लावा.