मुदतवाढ मिळणार नाही

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या कंपनीच्या एचआरकडून मेल आला. सामूहिक आरोग्य विम्याची नोंदणी 10 ते 20 मार्च, 20 तारखेला संध्याकाळी सहाला पोर्टल बंद, आणि खाली ठळक अक्षरात, ‘मुदतवाढ मिळणार नाही.’

मराठवाड्यातल्या माणसाला हे वाक्य वाचून हसूच येतं. खरिपाच्या पीक विम्याची 31 जुलै आमच्याकडं तारीख म्हणून कुणी धरतच नाही. सर्व्हर बसतो, सीएससी केंद्रापुढं रांग लागते, मग मुंबईहून मुदतवाढ येते. गावाकडं दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन केला तर ते म्हणाले, “आरं, 20 म्हणजे 25 समज. वाढवतेत.”

मेलला दीड पान नियम जोडले होते. ‘आश्रित’ म्हणजे नवरा किंवा बायको, पहिली दोन मुलं, आणि आई-वडील किंवा सासू-सासरे. दादांनी विचारलं, “आत्याचं नाव घातलंस का?” आत्या चाळीस वर्षं आमच्या घरात आहे. मी सांगितलं, की आत्या नियमात बसत नाही, धाकटा भाऊही बसत नाही. “मग आश्रित कोण?” दादा म्हणाले. खरं तर आमच्याकडं सगळं घरच आत्याच्या आश्रयाला आहे, पण पोर्टलवर तसा रकाना नव्हता.

खरी गोम होती त्या ‘किंवा’मध्ये. दोन जोड्यांपैकी एकच, आणि तीही अख्खी. माझी आई आणि बायकोचे वडील अशी मिसळ चालत नाही. शिवाय एकदा निवडलेली जोडी पुढच्या वर्षीही बदलता येणार नाही, ‘दोघेही हयात नसल्यास’ हा अपवाद सोडून. हा नियम मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवला आणि वाचता वाचताच कळलं, की हा मनातल्या मनात वाचायचा होता.

ती काही बोलली नाही. फक्त कणीक जरा जोरात मळायला लागली.

त्या रात्री दोन्हीकडं फोन झाले. एरवी आईचा फोन गुडघ्यापासून सुरू होऊन साखरेवर संपतो, आणि नांदेडहून सासूबाई बोलल्या की ॲसिडिटीचा इतिहास पहिल्यापासून ऐकावा लागतो. त्या दिवशी मात्र दोन्ही घरं ठणठणीत निघाली. आई म्हणाली, “मला काय झालंय? त्यांचं घाला.” सासूबाई म्हणाल्या, “आम्ही अजून गच्चीवर पापड वाळवतो. तुमच्या आईंचं घाला हो, जावईबापू.” सौजन्याच्या या लढाईत दोन दिवस गेले. बारा तारीख उजाडली.

सोडवणूक शेवटी बायकोनंच केली. ती एचआरच्या मॅडमशी फोनवर बोलली आणि मला जे सात वर्षांत कळलं नव्हतं ते दहा मिनिटांत समजून घेऊन आली. आमच्या ग्रुप पॉलिसीत जुनं दुखणं पहिल्या दिवसापासून धरलं जातं. बाजारात स्वतः पॉलिसी घ्यायला गेलं, तर आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणजे ज्यांचं दुखणं कागदावर आहे ती जोडी कंपनीत घालायची, आणि जी त्यातल्या त्यात धडधाकट आहे तिला बाहेर वेगळी पॉलिसी घ्यायची. आईची साखर बारा वर्षांची, गुडघ्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं. नांदेडकरांच्या रिपोर्टात ॲसिडिटीखेरीज काही नाही. “तुमचे घाला,” बायको म्हणाली, “आणि माझ्या आईबाबांच्या पॉलिसीचा हप्ता तुम्ही भरा.” दोन्ही हप्ते माझ्याच पगारातून जाणार हे मला नंतर लक्षात आलं.

मग मी पोर्टलवर दादांचं नाव टाकलं. आधारवर नुसतं ‘जन्म वर्ष : 1945’ होतं. पोर्टलनं आपल्या मनानं 1 जानेवारी धरली आणि लाल अक्षरात सांगितलं, की वय 81, प्रवेशाची मर्यादा 80.

दादा 81 चे नाहीत. आजी सांगायची, पोलीस ॲक्शनच्या साली, पोळा होऊन तिसऱ्या दिवशी ते झाले. बैलांच्या शिंगांवर बेगड तशीच होती आणि पुढं आठवड्याभरात फौज आली. म्हणजे सप्टेंबर 1948. शाळेच्या टीसीवर 1 जून 1948 आहे, कारण गुरुजींनी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अख्ख्या वर्गाला जूनमध्येच जन्माला घातलं होतं. मतदार कार्डावरही तीच तारीख आहे. मग आधारवर 1945 कुठून आलं?

“दादा, आधारच्या वेळी वय किती सांगितलं होतं?”

बराच वेळ फोनवर नुसती शेळी ओरडत होती. मग म्हणाले, “सहासष्ट.”

“कामून?”

“एस्टीला पासष्टला हाफ तिकीट होतं ना.”

2011 मध्ये हाफ तिकिटासाठी वाढवलेलं वय आता विम्याच्या दारात आडवं आलं होतं.

मी मॅडमकडं गेलो. जाताना जरा पुढचाही विचार केला होता, म्हणून विचारलं, की आत्ता राहू दे, कागद सावकाश नीट करून जूनमध्ये नाव घालता येईल का? त्या म्हणाल्या, वर्षाच्या मधे फक्त नवीन लग्नाची बायको आणि नवीन जन्मलेलं बाळ, तेही तीस दिवसांच्या आत. आई-वडील जून महिन्यात नव्यानं होत नाहीत. मी चेहरा पाडला तर हसून म्हणाल्या, “सर, तुम्ही शेतकऱ्याचे ना? गारपीट झाल्यावर पीक विमा भरू दिला तर गारपिटीआधी कोण भरेल?” मॅडम परभणीच्या निघाल्या. मी निरुत्तर.

तोडगा असा निघाला : वयाचा पुरावा म्हणून टीसी आणि मतदार कार्ड जोडायचं, विमा कंपनीकडून तारखेची मंजुरी मेलवर लेखी घ्यायची, आणि नाव मतदार कार्डावर जसं आहे अगदी तसंच टाकायचं. दवाखान्यात दाखवायचंही तेच कार्ड. तिथं ई-कार्डावर एक तारीख आणि ओळखपत्रावर दुसरी निघाली, तर कॅशलेसची मंजुरी चौकशीत अडकते आणि पेशंट डिस्चार्जचा कागद होऊनही कॉटवर बसून राहतो. “आधारही दुरुस्त करून घ्या,” मॅडम म्हणाल्या, “पण नीट बघून. जन्मतारीख एकदाच बदलता येते.”

टीसी आत्याच्या ट्रंकेत सापडला, लग्नातल्या शालूच्या घडीत. एका कोपऱ्यावर वाळवी फिरून गेली होती, तारीख तेवढी वाचली होती. भावानं फोटो पाठवला तो तिरका. दुसरा पाठवला त्यात टीसीपेक्षा त्याचा अंगठा मोठा. तिसरा लागला. मंजुरीचा मेल 20 तारखेला दुपारी चारला आला आणि मी पाच चाळीसला बटण दाबलं. सहाला पोर्टल खरंच बंद झालं. मी तीनदा उघडून पाहिलं. सहा वाजून पाच मिनिटांनी दादांचा फोन.

“वाढली का मुदत?”

“नाही.”

“उद्या वाढवतेत बघ.”

एप्रिलमध्ये ई-कार्ड आलं. प्रिंट काढून गावी नेलं. दादांनी चष्मा लावून वय वाचलं : 77. चार वर्षांनी लहान झाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसला. मी म्हटलं, “आता आधारही नीट करून टाकू.”

“थांब,” दादा म्हणाले. एस्टीत आता पंचाहत्तरच्या पुढं तिकीटच लागत नाही. मी त्यांना समजावलं, की 77 झाले तरी प्रवास फुकटच आहे. त्यांनी ऐकून घेतलं, विचार केला, आणि ई-कार्ड पाकिटात आधारच्या मागं सरकवलं.

“दवाखान्याला हे,” म्हणाले, “आणि कंडक्टरला ते.”