रोजची मल्टीव्हिटॅमिन आणि पायांतल्या मुंग्या

> "चाळिशी गाठलेल्या प्रत्येकाने रोज एक मल्टीव्हिटॅमिन घ्यायलाच हवी. आजकालच्या भाज्यांत सत्त्व उरलेलं नाही. गोळीने हार्ट अटॅक, कॅन्सर टळतो, थकवा जातो. नुकसान काहीच नाही, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. तपासण्यांवर पैसे घालवण्यापेक्षा गोळी स्वस्त पडते. पुढे पाठवा."

हा मजकूर ठाणे, ऐरोली, नेरूळच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात लोक तो वाचून येतात. ज्यांना गोळीची गरज नाही त्यांचे पैसे जातात, पण त्याहून वाईट म्हणजे ज्यांना खरोखर कमतरता आहे ते या गोळीच्या भरवशावर थांबून राहतात. म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर देतो.

आधी भाज्यांचं. वाशीच्या घाऊक बाजारात नाशिक, पुणे, साताऱ्याकडून भाजी रात्रीतून येते आणि सकाळी जांभळी नाक्यावर पोहोचते. या प्रवासात पालेभाजीतलं सी जीवनसत्त्व थोडं घटतं, चिरून ठेवलं आणि फार शिजवलं तर आणखी घटतं. लोह, कॅल्शियम, चोथा कुठे जात नाहीत. पण मुळात आपल्याकडच्या मध्यमवर्गात सर्वाधिक आढळणारी कमतरता कशाची, तर बी-१२ आणि डीची, आणि बायकांमध्ये लोहाची. बी-१२ कुठलीच वनस्पती तयार करत नाही, ते जिवाणू करतात आणि आपल्याला ते मासे, मटण, अंडी, दूध यांतून मिळतं. डी मुख्यतः उन्हामुळे त्वचेत तयार होतं. म्हणजे शेतातून थेट तोडलेली मेथी खाल्ली तरी हे दोन्ही तिच्यातून मिळणार नव्हतेच. लोह मात्र भाजीत असतं, फक्त शरीर ते कमी शोषतं. जेवणात लिंबू पिळलं तर शोषण वाढतं, जेवल्या जेवल्या चहा घेतला तर कमी होतं.

हार्ट अटॅक आणि कॅन्सर या मुद्द्यावर अंदाज बांधायची गरज नाही, कारण प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत १४,६४१ पुरुष डॉक्टरांना, सगळे पन्नाशीच्या वरचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलं. एका गटाला रोज मल्टीव्हिटॅमिन, दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली गोळी. दहा वर्षांहून जास्त काळ हे चाललं आणि २०१२ मध्ये निकाल आले. हार्ट अटॅक, पक्षाघात, हृदयविकाराने मृत्यू यांत फरक नाही. कॅन्सरमध्ये थोडा फरक दिसला आणि तो लपवण्याचं कारण नाही: दर हजार माणसांमागे वर्षाला १८.३ ऐवजी १७ रुग्ण, म्हणजे हजारात वर्षाकाठी एकाचा फरक. नंतरच्या अशाच मोठ्या प्रयोगात तेवढाही ठामपणे दिसला नाही. २०२४ मध्ये जवळपास ३ लाख ९० हजार निरोगी अमेरिकनांची वीसहून अधिक वर्षांची माहिती तपासली गेली, तर रोज गोळी घेणारे जास्त जगले असं आढळलं नाही. तिथल्या प्रतिबंधक आरोग्यावर शिफारशी करणाऱ्या तज्ज्ञ मंडळाने २०२२ मध्ये म्हटलं की मल्टीव्हिटॅमिनने हृदयविकार किंवा कॅन्सर टळतो असं सांगण्याइतका पुरावा नाही.

एका ठिकाणी चित्र वेगळं आहे. साठीच्या वरच्या लोकांत स्मरणशक्तीच्या चाचण्यांत मल्टीव्हिटॅमिनच्या गटाला अलीकडच्या काही अभ्यासांत किंचित जास्त गुण मिळाले. फायदा छोटा आहे, आणि त्यामुळे विस्मृतीचा आजार टळतो असं सिद्ध झालेलं नाही. सत्तरीच्या कुणाला घ्यावीशी वाटली तर मी अडवत नाही.

आता थकव्याचा मुद्दा. इथेच हा मजकूर सर्वांत जास्त घात करतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अठ्ठावन्न वर्षांच्या एक काकू. शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. दहा-बारा वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि अॅसिडिटीसाठी जवळपास तेवढाच काळ रोज सकाळी पँटोप्राझोल. तक्रारी थकव्याच्या, जिभेची आग होण्याच्या आणि दोन्ही तळपायांना मुंग्या येण्याच्या. मुलाने मल्टीव्हिटॅमिन आणून दिली होती, ती त्या वर्षभर न चुकता घेत होत्या, म्हणून जीवनसत्त्वांचा प्रश्न मिटला असं घरात सगळे धरून चालले होते. मुंग्या "साखरेमुळे" असतील असं त्यांना वाटत होतं आणि ते वाटणं स्वाभाविक होतं, कारण मधुमेहाने होणारी नसांची इजा आणि बी-१२ च्या कमतरतेने होणारी इजा सुरुवातीला अगदी सारखी भासते.

मी त्यांना विचारलं, "बेसिनपाशी डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो का?"

"हो डॉक्टर, नळ धरावा लागतो हल्ली. पण ते वयाने असेल ना?"

वयाने नव्हतं. पायाच्या अंगठ्याला कंप पावणारा नादकाटा लावला तर त्यांना कंप कळत नव्हता. हिमोग्लोबिन ११.४, म्हणजे थोडंच कमी. लाल पेशींचा आकार मात्र नॉर्मल होता. पुस्तकात बी-१२ कमी असलं की पेशी मोठ्या होतात असं लिहिलेलं असतं, पण सोबत लोहही कमी असेल तर ते पेशी लहान करतं आणि सरासरी मधोमध येऊन रिपोर्ट निर्दोष दिसतो. आपल्याकडे हे वरचेवर घडतं. रक्तातलं बी-१२ मोजलं तेव्हा मिलिलिटरला १४८ पिकोग्रॅम आलं. साधारण २०० च्या खाली ते कमी समजतात, आणि २०० ते ३०० च्या पट्ट्यात शंका असेल तर बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारं होमोसिस्टीन तपासून खात्री करतात.

मग वर्षभराच्या गोळीने काय केलं? त्यांच्या गोळीत बी-१२ होतं एक मायक्रोग्रॅम. जठरात तयार होणारं एक प्रथिन बी-१२ ला धरून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत नेतं आणि तिथे ते आत घेतलं जातं. त्या एका मायक्रोग्रॅममधलं साधारण निम्मं शोषलं जातं. मेटफॉर्मिन आतड्यातल्या याच शेवटच्या टप्प्यात अडथळा आणतं, म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही कमी. निरोगी माणसाच्या शरीरात, मुख्यतः यकृतात, बी-१२ चा दोन ते पाच मिलिग्रॅम साठा असतो. त्यातला फक्त एक मिलिग्रॅम कमी झाला असं धरा. रोज अर्धा मायक्रोग्रॅम जमा झाला आणि त्यातला कणही खर्च झाला नाही, तरी तो भरायला दोन हजार दिवस, म्हणजे साडेपाच वर्षं लागतील. आणि खर्च तर रोज होतोच.

औषध म्हणून दिलेली गोळी १००० मायक्रोग्रॅमची असते. प्रथिनाची वाट एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमलाच भरून जाते, पण उरलेल्यातला सुमारे एक टक्का त्या वाटेविना थेट झिरपतो, म्हणून एकूण दहाएक मायक्रोग्रॅम आत जातं. नसांची लक्षणं असली तर आम्ही इंजेक्शनने सुरुवात करतो. काकूंना सुरुवातीला दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला अशी दिली आणि पुढे रोजची १००० ची गोळी. मेटफॉर्मिन बंद केलं नाही, त्याची त्यांना गरज आहे. जिभेची आग काही आठवड्यांत गेली. मुंग्या कमी व्हायला महिने लागले, आणि बोटांच्या टोकांचा बधिरपणा थोडा उरलाच. नसांचं नुकसान जितकं जुनं तितकं ते कमी भरून येतं. ते वर्ष वाया गेलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

आणि ही कमतरता दुर्मीळ नाही. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले: ग्रामीण, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय मिळून ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी होतं, आणि शहरी मध्यमवर्गात ८१ टक्के.

'नुकसान काहीच नाही' हे फक्त पाण्यात विरघळणाऱ्यांबद्दल आणि तेही अर्धवट खरं आहे. गोळीनंतर लघवी गडद पिवळी होते ती बी-२ म्हणजे रायबोफ्लेविनमुळे, ते खरोखरच बाहेर पडतं. पण ए, डी, ई, के चरबीत विरघळतात आणि साठतात. आठवड्याला एक घ्यायची डी ची ६०,००० युनिटची पुडी चुकून रोज घेतली तर काही आठवड्यांत रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान लागणं आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. बी-६ पाण्यात विरघळतं, तरी मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर तेच नसांना इजा करतं. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजार पुरुषांच्या अभ्यासात बीटा-कॅरोटीन, म्हणजे शरीर ज्यापासून ए जीवनसत्त्व बनवतं ते द्रव्य, घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त आढळला (१९९४), म्हणून विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी ते असलेली गोळी घेऊ नये. बी-कॉम्प्लेक्सच्या काही कॅप्सूलांत फॉलिक अॅसिड एक-दीड मिलिग्रॅम असतं. त्याने बी-१२ च्या कमतरतेचा अॅनिमिया सुधारतो पण नसांची हानी चालूच राहते. रिपोर्ट बरा, माणूस बिघडत चाललेला, अशी अवस्था होते.

तपासणीबद्दल. सगळ्यांनी महागडी पॅकेजं करावीत असं मी म्हणत नाही. चौरस जेवणाऱ्या, मासे-अंडी खाणाऱ्या, कुठलीही तक्रार नसलेल्या चाळिशीच्या माणसाला ना तपासणी लागते ना गोळी. शाकाहारी असून थकवा किंवा मुंग्या असतील, मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल किंवा अॅसिडिटीची गोळी कायमची झाली असेल, तर हिमोग्राम आणि बी-१२ करून घ्या. गोळी सुरू करण्याआधी करा, कारण नंतर रक्तातला आकडा वर दिसतो आणि कमतरता होती की नाही हे ठरवणं अवघड होतं. केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन भरपूर असतं. त्याने थायरॉइडचा आणि हृदयविकार तपासणाऱ्या ट्रोपोनिनचा रिपोर्टही चुकू शकतो, म्हणून रक्त देण्याआधी निदान दोन दिवस ती थांबवा आणि लॅबमध्ये सांगा.

ज्यांना पूरक औषध लागतंच त्यांची यादी छोटी आहे आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. मूल हवं असणाऱ्या स्त्रीने गर्भ राहण्याआधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड घ्यावं, कारण बाळाच्या मज्जारज्जूची नळी मिटते ती पाळी चुकल्याचं कळण्याच्या सुमारासच. पुढे सरकारी कार्यक्रमातली लोहाची गोळी, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं. टीबीसाठी आयसोनियाझिड चालू असलेल्यांना बी-६. दारू फार पिणाऱ्याला बी-१ म्हणजे थायमिन. खरीखुरी मल्टीव्हिटॅमिन, तीही आयुष्यभर, लागते ती वजन कमी करण्यासाठी जठराचं ऑपरेशन झालेल्यांना, आणि सीलिअॅकसारख्या आजारात आतडं अन्न नीट शोषत नाही त्यांना, तीही डॉक्टरांनी मात्रा ठरवून दिलेली. यांपैकी कुणी थायरॉइडची गोळी घेत असेल, तर लोह किंवा कॅल्शियम असलेली गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवावी, नाहीतर थायरॉइडचं औषध पोटातच बांधलं जातं आणि टीएसएच वाढत राहतो.