तारलीचा कल्ला उघडून बघा

आज सकाळी ठाण्याच्या मासळी बाजारात जे ऐकलं ते अजून डोक्यातून जात नाहीये. दुपारचं जेवणही नीट गेलं नाही. म्हणून लिहितेय.

मावशीच्या पाटीत तारली होती, पोटाला हात लावला तर घट्ट, डोळे स्वच्छ. माझ्या पुढे एक गृहस्थ उभे होते. भाव ऐकून म्हणाले, "मी केरळात सहा वर्षं काढलीत. तिथे तारलीला कोणी विचारत नाही, इतकी मिळते. समुद्र तोच अरबी, पाऊस तोच. तुम्हा लोकांनाच कष्ट नकोत." मावशीने मान वर न करता सांगितलं, "दादा, दर्या सगलीकडं सारका नसतो." ते हसले. असं हसले की जणू मावशीने काहीतरी अडाणीपणाचं बोलून टाकलं.

मावशी बरोबर होती. शंभर टक्के बरोबर होती. आणि मी, चेंदणी कोळीवाड्यातल्या घरात वाढलेली, समुद्रविज्ञानात एम.एस्सी. केलेली बाई, पिशवी धरून गप्प उभी राहिले. त्याचाच राग जास्त आलाय.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टसाठी जुलैअखेरीस कोचीला गेले होते. एका छोट्या होडीतून आम्ही किनाऱ्यापासून बाहेर निघालो. होडी चालवणारे साठीचे होते, आम्ही त्यांना चेट्टन म्हणायचो. आठ-दहा किलोमीटर गेल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं, तळहात पाण्यात बुडवला आणि म्हणाले, "तणुप्पु." म्हणजे थंड. मी बादलीत पाणी काढून थर्मामीटर घातला तर पारा पंचवीसच्या खाली. मे महिन्यात तिथलंच पाणी तीस अंशांच्या आसपास असतं. रंगही निळा नव्हता, वाटाण्याच्या सालीसारखा हिरवा होता. चेट्टननी बोट दाखवलं, तिकडे पाण्यावर समुद्रपक्षी घिरट्या घालत होते. "मत्ती," ते म्हणाले. मत्ती म्हणजे आपली तारली. थर्मामीटर माझ्या हातात होता, पण मासा कुठे आहे हे त्यांनी तळहाताने ओळखलं.

हे पाणी थंड का होतं, तिथूनच सगळं सुरू होतं. आमटी थोडा वेळ तशीच ठेवली की डाळ तळाशी बसते आणि वर पाणी राहतं, तसं समुद्राचं आहे. वरच्या थरात ऊन आहे, पण खत नाही. नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट हे सगळं वरच्या सूक्ष्म वनस्पती खाऊन संपवतात. त्या मेल्या की खाली बसतात, तिथे जिवाणू त्यांना कुजवतात आणि खत पुन्हा मोकळं होतं, पण काळोखात, जिथे ते वापरणारं कोणी नाही. वरचं पाणी गरम आणि हलकं, खालचं थंड आणि जड. दोन्ही आपणहून मिसळत नाहीत. म्हणून उष्ण कटिबंधातला निळाशार, काचेसारखा समुद्र दिसायला सुंदर असतो आणि खायला जवळजवळ रिकामा.

केरळच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात वारा ही आमटी ढवळतो. ढवळतो म्हणण्यापेक्षा खालचं वर खेचतो. तिथला मॉन्सूनचा वारा थोडासा उत्तरेकडून दक्षिणेकडे, किनाऱ्याला धरून वाहतो. पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं वरचं पाणी एकूण हिशेबात वाऱ्याच्या उजव्या हाताला सरकतं. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा, उजवा हात पश्चिमेला जातो, म्हणजे खुल्या समुद्राकडे. (एकमान नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९०५ मध्ये याचं गणित मांडलं.) किनाऱ्यालगतचं वरचं पाणी असं बाहेर गेलं की जागा रिकामी कशी राहील? खालचं थंड पाणी तिथे चढतं. झपाट्याने नाही, दिवसाला एखाद-दोन मीटर. पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते चालूच राहतं, दक्षिणेकडे आधी सुरू होतं आणि मग उत्तरेकडे सरकत येतं. गोव्याच्या वर येईपर्यंत त्याचा जोर ओसरतो. आपल्याकडे पावसाळी वारा किनाऱ्यावर समोरून आदळतो, तो पाणी बाहेर नेणार कसा? तोच अरबी समुद्र म्हणणाऱ्या त्या गृहस्थांना कोणीतरी हे एवढं तरी सांगा.

बरं, एक मान्य करते. सगळं श्रेय तिथल्या वाऱ्याचं नाही, श्रीलंकेला वळसा घालून किनाऱ्याने येणाऱ्या लाटाही थंड पाण्याचा थर वर उचलतात. त्याने मावशीचं म्हणणं खोटं ठरत नाही.

आता त्या होडीवर परत चला. मी बारीक जाळी दहा मिनिटं ओढली आणि वर काढली, तर बाटलीत तपकिरी-हिरवी पेज. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर डायटम. काचेच्या कवचाचे एकपेशीय जीव, एकाला एक चिकटून लांब साखळ्या केलेल्या. ते तिथेच एवढे का? खत विरळ असतं तेव्हा अगदी बारीक पेशी जिंकतात, कारण त्यांच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, थोडं अन्नही त्या ओढून घेतात. खत भरपूर मिळालं की मात्र मोठे डायटम धावत सुटतात, दिवसाला दुपटीनेही वाढतात. त्यांच्या कवचाला सिलिका लागते, तीही खालून आलेल्या पाण्यातच असते.

आणि मग तारली. संध्याकाळी धक्क्यावर विकत घेऊन मी तिचं पोट चिरलं. आत तीच हिरवट-तपकिरी लापशी. त्यात फ्रॅजिलारिया नावाच्या डायटमच्या साखळ्या, सकाळच्या बाटलीतल्याच.

तुम्ही बाजारात काय करता? कल्ला उचलून लाल आहे का ते बघता आणि सोडून देता. पुढच्या वेळी जरा जास्त उघडा. लाल झालरीच्या आतल्या बाजूला पांढऱ्या, केसांसारख्या बारीक काड्यांचा दाट कंगवा दिसेल. तारली तोंड उघडून पोहते, पाणी त्या कंगव्यातून जातं आणि डायटम मागे राहतात. मग सुरमईचा कल्ला उघडा. तिथे मोजक्या, जाड, आखूड काड्या. ती गाळत नाही, तारली गिळते.

पावसाळ्यात त्या किनाऱ्यावर एवढे मासे का होतात याचं अर्धं उत्तर त्या कंगव्यात आहे. प्रत्येक पायरीला खाल्लेल्याचा साधारण दहावा भाग अंगी लागतो, बाकी हालचालीत, श्वासात, विष्ठेत जातो. खुल्या निळ्या समुद्रात बारीक पेशी एवढ्या बारीक की मासा त्यांना खाऊ शकत नाही. त्यांना खाणारे सूक्ष्म प्राणी, त्यांना खाणारे कोपेपॉड नावाचे जरा मोठे प्राणी, मग छोटा मासा, मग मधला, मग ट्यूना. १००० किलो वनस्पतीतून शेवटी हातात येतात १० ग्रॅम. इकडे डायटम खाऊन थेट तारली होते: १००० किलोतून १०० किलो. ती सुरमईने खाल्ली तरी १० किलो. १० ग्रॅम आणि १० किलो, हजारपट फरक, आणि त्यात कोणाच्या कष्टाचा, कोणाच्या आळसाचा काडीचाही संबंध नाही.

दहा टक्के हा ढोबळ आकडा आहे, हे मला ठाऊक आहे. तारली कोपेपॉडही खाते, पिलं तर मुख्यतः तेच खातात, म्हणजे साखळी कागदावर दिसते तेवढी आखूड नाही. असू दे. फरक तरीही प्रचंड उरतो. पेरू-चिली, कॅलिफोर्निया, वायव्य आफ्रिका आणि नामिबिया हे खालचं पाणी असं वर येण्याचे चार मोठे पट्टे. समुद्राचा जेमतेम एक-दोन टक्के भाग व्यापतात आणि जगातल्या सागरी मासळीचा साधारण पाचवा हिस्सा देतात.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. त्या गृहस्थांनी केरळात तारलीचे ढीग खरंच पाहिले असतील. पण कोणत्या वर्षी? २०१२ मध्ये केरळात जवळपास ४ लाख टन तारली उतरली होती. २०२१ मध्ये सुमारे ३,३०० टन. चेट्टनसारख्या माणसांनी त्या वर्षांत होड्या काठावर ओढून ठेवल्या. तेही एकाएकी आळशी झाले का?

यात एक फसवी गोष्ट आहे. वारा तोच वाहत असतो, तरी ताट रिकामं राहू शकतं. एल निन्योच्या, म्हणजे प्रशांत महासागर नेहमीपेक्षा तापतो त्या वर्षी पेरूच्या किनाऱ्यावर गरम पाण्याचा थर इतका जाड होतो की वारा वर उचलतो ते त्याच थरातलं, खत नसलेलं पाणी. म्हणून तिथे नुसता वारा मोजून भागत नाही, थंड थर किती खोल आहे ते बघावं लागतं. पेरूत १९७० मध्ये अँकोव्हेटा नावाच्या, तारलीएवढ्याच माशाची पकड १२० लाख टनांच्या घरात होती. १९७२च्या एल निन्योत आधीच बेसुमार उपसलेला साठा कोसळला आणि १९७३ मध्ये ती २० लाखांच्या आसपास आली. साखळीच्या टोकाला बसलेले पाणकावळे, ज्यांच्या विष्ठेचं खत एकेकाळी युरोपभर जायचं, ते अशा वर्षांत उपाशी मरतात. साखळी आखूड असली की मधला एक मासा गेला तरी वरचे सगळे पडतात.

केरळात २०१५च्या एल निन्योने घाव घातला, हे खरं. पण पिलं उपसणाऱ्या जाळ्यांना मी माफ करणार नाही. १० सेंटीमीटरच्या आतली तारली पकडू नये असा तिथे नियम आहे. तारलीला पहिल्यांदा अंडी घालायला १५ सेंटीमीटरच्या आसपास वाढावं लागतं, त्याला साधारण वर्ष जातं, आणि जगते ती अडीच वर्षं. एक वर्ष पिलं ओढली की पुढच्या पावसात अंडी घालणार कोण?

अजून एक, आणि हे चेट्टननीच दाखवलं. वर येणाऱ्या त्या थंड पाण्यात प्राणवायू कमी असतो, आणि न खाल्लेले डायटम तळाशी कुजले की उरलेलाही संपतो. पावसाळा सरता सरता तळाचे मासे, कोळंबी तिथून पळतात. तारली वरच्या पातळ थरात, किनाऱ्याला चिकटून दाटीने गोळा होते. जाळं टाकलं की भरून येतं आणि लोकांना वाटतं, यंदा समुद्र भरलाय. चेट्टन म्हणाले होते, "मासा जास्त नाही झाला, जागा कमी झालीय." माझ्या प्रोजेक्टच्या वहीत ते वाक्य आहे. गाइडनी ते लाल पेनने खोडलं होतं.

आपल्या किनाऱ्याला वेगळा आधार आहे. रुंद, उथळ तळ, खाड्यांतून आणि भरती-ओहोटीतून येणारं खत, आणि त्याच्या उत्तरेला हिवाळ्यात कोरड्या वाऱ्याने गार होऊन खाली बसणारं पाणी, जे खालचं वर आणतं. म्हणून आपल्याकडे बोंबील आणि जवळा. म्हणून प्रवाहात रोवून ठेवलेली डोल जाळी.

मावशीने मला सहा तारल्या दिल्या, पैसे पाचांचे घेतले. "काय एवढं निरखून बघतेस कल्ल्यात?" तिने विचारलं. मी तिला आतला पांढरा कंगवा दाखवला. तिने बोटाने तो हळूच विस्कटला, मग शेजारच्या सुरमईचा कल्ला स्वतःच उघडला, थोडा वेळ दोन्ही बघत राहिली आणि पलीकडच्या पाटीवरच्या बाईला हाक मारली, "आगो, हिकडं ये, हे बग."