बैठक क्रमांक आणि आईचे नाव

दहावीचा निकाल दुपारी एक वाजता लागतो असे म्हणतात. परंतु यातना अकरालाच सुरू होतात, कारण त्या सुमारास पुण्यात राज्य मंडळाची पत्रकार परिषद होते आणि विभागवार टक्केवारी टीव्हीवर झळकू लागते. कोकण विभाग नेहमीप्रमाणे पहिला आल्याचे ऐकताच, आमच्या पंचवटीतल्या घरात वडिलांनी माझ्याकडे पाहिले. नाशिक विभागात धुळे, जळगाव आणि नंदुरबारही येतात, हे मी नम्रपणे निदर्शनास आणून दिले. त्याचा उपयोग झाला नाही. आई मात्र सकाळीच नवश्या गणपतीला जाऊन आली होती आणि नवस काय बोलली हे सांगायला तयार नव्हती.

माझी खरी भीती गुणांची नव्हती, ते आधी कोणाला कळणार याची होती. निकाल उघडण्यासाठी बैठक क्रमांक आणि आईचे पहिले नाव एवढेच लागते. ही व्यवस्था ज्याने आखली, त्याला बहुधा नातेवाईक नसावेत. आईचे नाव साऱ्या गोतावळ्याला ठाऊक असते; राहिला बैठक क्रमांक, तर तो आईने पहिल्या पेपरच्या आदल्या रात्रीच, ‘आशीर्वाद असू द्या’ असे लिहून, हॉल तिकिटाच्या फोटोसह कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर केला होता.

एक वाजला. mahresult.nic.in उघडेना; वडील दर मिनिटाला पान नव्याने उघडत होते आणि मधूनच ‘अभ्यास केला असता तर’ असे एक अपूर्ण वाक्य सोडून देत होते. तेवढ्यात सटाण्याहून मामाचा फोन आला.

“दाजी, अभिनंदन! सत्त्याहत्तर पूर्णांक साठ!”

माझा निकाल मला मामाकडून कळला. मराठी ८१, हिंदी ७८, इंग्रजी ७४, विज्ञान ७१, सामाजिक शास्त्रे ८४ आणि गणित ५२. मंडळ सर्वोत्तम पाच विषय धरते, म्हणून ५०० पैकी ३८८; पंचाहत्तरच्या वर, म्हणजे विशेष प्रावीण्य. आईने देवापुढे साखर ठेवली.

पण गंगापूर रोडच्या आत्याच्या यजमानांनी बँकेत हयात घालवलेली. त्यांनी सहाही विषयांची बेरीज करून ग्रुपवर लिहिले, “४४० भागिले ६००, म्हणजे ७३.३३. गणित कुठे गेले?” टक्केवारीतून वगळलेला विषय गुणपत्रिकेवर मात्र ठळक उभा असतो, आणि जाणकार नातेवाईक नेमका तोच वाचतात. सकाळपासून माझ्यावर डोळे वटारणारे वडील आता मंडळाच्या नियमाची बाजू घेऊन त्यांच्याशी तावातावाने वाद घालू लागले.

मी तेवढ्या वेळात ग्रुपवर मागे मागे जाऊन आतेबहिणीच्या हॉल तिकिटाचा फोटो शोधला. आत्याचे सासरचे नाव तेवढे आजीला विचारावे लागले.