'पोच'

राजारामपुरीतल्या एका फर्निचरवाल्याकडं 30 हजारांचा सोफा ठरवला आणि 8 तारखेला 12 हजार रोख अ‍ॅडव्हान्स दिला. बदल्यात हातात पडलेल्या चिठ्ठीवर मजकूर एवढाच, 'पोच 12000', आणि खाली गांडुळासारखी सही. तारीख नाही, माझं नाव नाही, पैसे कशाचे ते नाही. उद्या कोण म्हणालं की हे मागच्या वर्षीच्या टेबलाचे, तर मी काय दाखवणार?

11 तारखेला गेलो. मालक म्हणाले, "आवो पाव्हणं, आम्ही काय दुकान घेऊन पळून चाललोय व्हय?" आणि माझ्याच चिठ्ठीवर पेनानं तारीख टाकायला निघाले. मी हात धरला, कारण त्यांच्या बुकात खाली कार्बन कॉपी असते, वर खाडाखोड केली तर खालची कोरीच राहते आणि दोन कागद दोन गोष्टी सांगतात. म्हटलं, नवीनच पावती फाडा.

इथं मालक पहिल्यांदा जागे झाले. नवीन दिली आणि जुनी पण माझ्याकडंच राहिली तर मी 24 हजार दिले असं होईल की! गडी हुशार, आणि मुद्दा बरोबर होता. मग जुनी चिठ्ठी त्यांना परत दिली, त्यांनी तिच्यावर आडवी रेघ मारून 'रद्द' लिहिलं आणि ती बुकाला स्टेपल केली.

मग तारखेवरनं घोळ. ते 11 लिहायला लागले, मी म्हटलं पैसे 8 ला दिलेत. बरं मागची तारीख टाकून पावती करणंही खोटंच. शेवटी दोन्ही लिहायच्या ठरल्या, वर पावतीची 11 आणि मजकुरात 'दि. 8 रोजी रोख मिळाले, आधीच्या पोचेऐवजी ही पावती'.

रक्कम आकड्यात झाली, अक्षरी 'बारा हजार फक्त' पण झालं (नुसत्या आकड्यापुढं एक शून्य वाढवायला कितीसा वेळ लागतोय). 'कशाबद्दल' या रकान्यात मात्र मालकांनी मन लावून लिहिलं, 'गिऱ्हाईक ऐकत नाही म्हणून'. ती पण पावती रद्द. मग शहाण्यासारखं लिहिलं, 'तीन सीटर सोफा, एकूण 30,000 पैकी अ‍ॅडव्हान्स, बाकी 18,000'. यातला 'पैकी' महत्त्वाचा, तो नसला की बाकी किती यावर जन्मभर भांडा.

5 हजारांच्या वर रोख म्हणजे एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट पाहिजे. 30 हजारांचा सोफा विकणाऱ्या दुकानात एक रुपयाचं तिकीट नव्हतं, पोरगं पोस्टात पळालं. तिकीट आल्यावर मालकांनी त्याच्या शेजारी सुबक सही केली, म्हटलं तिकिटावरनं आडवी मारा, नाहीतर तेच तिकीट सोलून दुसरीकडं चिकटवता येतंय.

पावती माझ्या हातात देत मालक हात झटकत म्हणाले, "बाकीचे 18 हजार तेवढे ऑनलाईन मारा पाव्हणं, पाया पडतो."