जाड कुशनवाले रनिंग शूज कोर्टवर घोटा सांभाळत नाहीत

"बॅडमिंटनचे वेगळे शूज म्हणजे कंपन्यांची पैसे काढायची युक्ती. चांगले रनिंग शूज घाला, कुशन जाड असल्याने घोटे-गुडघे उलट जास्त सांभाळले जातात. ग्रिप तर दोन्हींना असतेच."

आधी कुशन, कारण खरा घोळ तिथेच आहे. धावताना पाऊल सरळ पुढे पडतं, दणका खालून वर येतो. त्यासाठी टाचेखाली 3 सेंटिमीटर किंवा त्याहून जाड मऊ फोम असणं योग्यच. कोर्टवर मात्र उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या उजवीकडे स्मॅश आला, की तो लांब ढांग टाकून उजव्या पायावर आडवा ब्रेक मारतो. सगळा भार तळव्याच्या बाहेरच्या कडेवर येतो. फोम त्याच कडेला दबतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कलतं. वरचं जाळीचं कापड ताणलं जातं, म्हणून पाऊल घसरून सोलच्या कडेवर चढतं. त्यातच टाच उंचावर असल्याने घोटा उलटवणारा जोर वाढतो, आणि बाहेरच्या बाजूचं लिगामेंट दुखावतं. कोर्ट शूजची टाच बुटकी असते, फोम घट्ट असतो, आणि पुढच्या भागात सोल बाहेरच्या अंगाला थोडा पसरलेला असतो, तो याच क्षणासाठी.

ग्रिप असते, पण डांबरासाठी. रनिंग शूजच्या तळाला बऱ्याचदा कडक रबराचे सुटे तुकडे असतात. गुळगुळीत लाकडी किंवा सिंथेटिक कोर्टवर तेवढेच टेकतात आणि पाय निसटतो. याउलट मैदानी खेळांचे खोल नक्षीचे शूज कधी नको तिथे अडकतात: पाऊल जागीच राहतं, अंग वळतं आणि पीळ गुडघ्याला बसतो. कोर्ट शूजचा सपाट गम सोल बरोबर मधला आहे. फक्त त्यावर धूळ बसली की तोही घसरतो. ते रस्त्यावर घालू नका, खेळण्याआधी तळ ओल्या फडक्याने पुसा.

युक्तीच्या आरोपात थोडं तथ्य आहे. डब्यावर 'बॅडमिंटन' छापलेलंच हवं असं नाही. व्हॉलीबॉल किंवा स्क्वॉशचे इनडोअर शूजही चालतात. घेताना टाचेची वाटी बोटांनी दाबा, ती सहज चेपायला नको. शूज वाकवला तर बोटांच्या मुळाशी वाकावा, मधोमध नाही. मग घालून बाजूला जोरात ब्रेक मारा. पाऊल आत सरकलं तर तो जोड बाजूला ठेवा.

गुडघ्याबाबत मात्र कोर्ट शूजकडूनही फार अपेक्षा नको. लंजमध्ये गुडघा आत कोसळत असेल, किंवा मागच्या बॅकहँड कोपऱ्यातून डोक्यावरचा फटका मारून तुम्ही एका डाव्या पायावर वेडेवाकडे उतरत असाल, तर ते पायाच्या ताकदीचं आणि फूटवर्कचं काम आहे. आणि हे शूज घालून रोज धावायला जाऊ नका. तिथे रनिंग शूजच बरे.